हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा आणि आईच्या चार गोळ्या

प्रश्न: डॉक्टर, माझ्या आईचं वय ६४ आहे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवणारी असेनोकुमॅरॉल आणि ठोक्यांसाठी मेटोप्रोलॉल घेते. शिवाय थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराईड-मेटफॉर्मिन आहे. गुडघे दुखतात, झोप लागत नाही म्हणून मामाने तिला मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल आणि अश्वगंधाच्या गोळ्या आणून दिल्या. दीड महिना झाला. गुडघ्यांना थोडा आराम आहे, वजन दोन किलो उतरलं म्हणून ती खूश आहे. पण दात घासताना रक्त येतं, दंडावर निळे डाग दिसतात. संकष्टीला सकाळी अकराच्या सुमारास तिला दरदरून घाम आला, बोलणं अडखळायला लागलं. साखरेचं पाणी दिल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं. रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर चाचणी दोन महिन्यांपूर्वी केली होती, २.९ होती. मामा म्हणतो, हळद तर आपण जन्मापासून खातो, तिचा काय त्रास होणार? हे सगळं बंद करू का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: हे वाचून झाल्यावर पहिलं काम करा ते आयएनआरचं. उद्यावर ढकलू नका. सकाळी वाचत असाल तर आजच रक्त द्या आणि संध्याकाळच्या गोळीच्या आधी रिपोर्ट तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर सांगा. ही गोळी बहुतेकांना संध्याकाळी दिलेली असते ती याचसाठी, की दिवसा रिपोर्ट आला तर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. हळदीची कॅप्सूल आणि अश्वगंधा दोन्ही आजपासून थांबवा, पण डब्या टाकून देऊ नका, त्या डॉक्टरांना दाखवायच्या आहेत. आणि रक्त येतंय म्हणून घाबरून असेनोकुमॅरॉल मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. धातूच्या झडपेवर गुठळी धरली तर ती मेंदूत जाऊ शकते किंवा झडपच अडकवू शकते. त्या गोळीचा एखादा डोस गाळायचा की नाही, हे आयएनआरचा आकडा बघून डॉक्टर ठरवतील.

काळी डांबरासारखी शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, कधी नव्हे इतकी डोकेदुखी, किंवा डोक्यावर पडणं, यातलं काही झालं तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. डोक्याला मार लागल्यावर माणूस बोलतचालत असला तरी जायचं.

आता मामांच्या प्रश्नाकडे येते. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त ते ज्या हळदीबद्दल बोलतात ती या डबीत नाही. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा तिचा मुख्य गुणकारी घटक साधारण तीन टक्के असतो. एक चमचा, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळद घेतली तर त्यात नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन येतं, आणि भाजी-आमटीतून एका माणसाच्या पोटात दिवसभरात तेवढी हळदही क्वचितच जाते. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलवर ‘५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम. पाच चमचे हळदीतला ऐवज एका घोटात, आणि दिवसातून दोन घेतल्या तर दहा चमचे. तुमच्या डबीवरचे आकडे वाचून हा हिशेब करून बघा.

शिवाय मिऱ्याचा अर्क आहे. साधी हळद पोटातून रक्तात फारच थोडी शिरते, आतडं आणि यकृत तिची लगेच विल्हेवाट लावतात. मिऱ्यातलं पायपरिन ही विल्हेवाट अडवतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत वीस मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा रक्तात पोहोचणाऱ्या कर्क्युमिनचं प्रमाण वीस पटींनी वाढलं. कॅप्सूल बनवणारे हाच गुण मोठ्या अक्षरांत छापतात. पण शरीरातली जी यंत्रणा हळदीची विल्हेवाट लावते, तीच कितीतरी औषधांचीही लावते. पायपरिन तिला अडवतं तेव्हा समोर हळद आहे की औषधाची गोळी, असा भेद ते करत नाही.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीला हे का झेपत नाही, ते सांगते. तुमच्या आईसारख्या, मायट्रल जागी धातूची झडप असलेल्या रुग्णात आयएनआर साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवतात. त्याच्या खाली गेलं की गुठळीची भीती, आणि साडेचार-पाचच्या वर रक्तस्रावाचा धोका झपाट्याने वाढत जातो. इतक्या अरुंद पट्ट्यात बसवलेलं औषध थोड्याशा धक्क्यानेही बाहेर जातं. २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या औषध नियंत्रण खात्याने, मेडसेफने, एक इशारा दिला होता. वॉरफेरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेली. असेनोकुमॅरॉल वॉरफेरिनच्याच घराण्यातलं आहे. प्रत्येकाचं असं होतं असं मी म्हणत नाही, अनेकांच्या रिपोर्टमध्ये फरक पडतही नसेल. पण कुणाला होईल हे आधी ओळखण्याची सोय नाही, आणि तुमच्या आईच्या हिरड्या काहीतरी सांगत आहेत.

यात एक फसवी गोष्ट आहे आणि ती डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकते. कर्क्युमिन प्रयोगशाळेत प्लेटलेट पेशींना एकमेकींना चिकटण्यापासून रोखतं. आयएनआर प्लेटलेटचं काम मोजतच नाही, ती फक्त यकृतात बनणारे रक्त गोठवणारे घटक मोजते. त्यामुळे उद्या रिपोर्ट ३.१ आला तरी निळे डाग खोटे ठरत नाहीत. तसं झालं तर ‘आयएनआर नॉर्मल आहे, काळजी नको’ एवढ्यावर थांबू नका. कॅप्सूलची गोष्ट सांगा. आई त्यासोबत ॲस्पिरिनची छोटी गोळी घेत असेल, झडपेच्या काही रुग्णांना ती दिलेली असते, तर तेही सांगा.

‘बंद करू का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, पण बंद करणं हीसुद्धा डॉक्टरांना कळवायची घटना आहे. समजा, कॅप्सूलमुळे आयएनआर वाढली होती आणि उद्याचा आकडा बघून असेनोकुमॅरॉलचा डोस कमी केला. आठवड्याभरात हळदीचा परिणाम ओसरेल आणि कमी केलेला डोस अपुरा पडेल. आयएनआर दोनच्या खाली घसरेल आणि कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण कमी आयएनआरला ना डाग पडतात ना रक्त येतं. म्हणून कॅप्सूल थांबवल्यावर तीन-चार दिवसांनी पुन्हा चाचणी, मग दर आठवड्याला, सलग दोन रिपोर्ट पट्ट्यात येईपर्यंत, असं मी माझ्या रुग्णांना सांगते. दरम्यान आईला विचारत राहा, झडपेचा टिकटिक आवाज नेहमीसारखा येतो का. धातूची झडप असलेल्यांना तो रात्री शांततेत स्वतःलाच ऐकू येतो. तो दबका झाला, दम लागायला लागला, तोंड वाकडं झालं किंवा एक हात उचलेना, तर तीही तातडीची वेळ आहे.

याच कारणासाठी कुणी सांगितलं म्हणून गव्हांकुराचा रस किंवा शेवग्याच्या पानांची पूडही मध्येच सुरू करू नये. त्यात व्हिटॅमिन ‘के’ असतं आणि ते आयएनआर उलट्या दिशेने, खाली ओढतं. पालक, मेथी, कोथिंबीर जेवणात आहेत तशाच राहू द्या. कमी-जास्त न करता रोज जवळपास सारख्या असल्या की डोस त्यांच्या हिशेबाने बसलेला असतो. जेवणातल्या हळदीचंही तेच. ती नऊ वर्षं चालू आहे, तिच्यासकटच आयएनआर २.९ आली होती. फोडणीतली हळद काढायची काहीच गरज नाही.

अश्वगंधाकडे मी जास्त काळजीने बघते, कारण तिचा रस्ता आडवा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत थायरॉईड किंचित मंद असलेल्या पन्नास जणांना आठ आठवडे एकतर अश्वगंधाच्या मुळाचा सहाशे मिलिग्रॅम अर्क दिला किंवा नुसती नकली गोळी. अर्क घेणाऱ्यांमध्ये टी-३, टी-४ ही थायरॉईडची संप्रेरकं वाढली आणि ग्रंथीला कामाला लावणारं टीएसएच उतरलं. चाचणी छोटी होती, आणि थायरॉईडची गोळी आधीपासून घेणाऱ्यांची तर नव्हतीच. पण त्यातून एवढं दिसतं की हा अर्क थायरॉईडला धक्का देऊ शकतो. अश्वगंधा घेताना थायरॉईड अतिवेगाने चालू लागल्याच्या वेगळ्या रुग्णकथाही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमच्या आईला ७५ मायक्रोग्रॅमचा डोस तिचं टीएसएच मोजून ठरवून दिलेला आहे. बाहेरून पुरेसं मिळत असताना ग्रंथीने जास्तीचं बनवलं तर एकूण बेरीज वाढणारच.

आता ही बेरीज रक्तापर्यंत कशी जाते ते बघा. थायरॉईड संप्रेरक वाढलं की रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर मोडले जातात. तोच असेनोकुमॅरॉलचा डोस मग जास्त जोरात चालतो आणि आयएनआर वर जाते. म्हणजे अश्वगंधाने रक्ताच्या गोळीला हातही न लावता थायरॉईडमार्गे तेच काम केलेलं असू शकतं, आणि हळद दुसऱ्या बाजूने त्यात भर घालते. दोन किलो वजन उतरल्याचा आनंद मला आईकडून हिरावून घ्यायचा नाही, पण आहार-व्यायामात बदल नसताना दीड महिन्यात वजन उतरणं हे वाढलेल्या थायरॉईडचंही लक्षण आहे. झोप न लागणं हेही. जी गोळी झोपेसाठी आणली, तिनेच झोप आणखी बिघडवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

तुम्ही विचाराल, थायरॉईड वाढलं असतं तर छातीत धडधड, हातांना कंप दिसला असता ना? दिसला असता, पण आई मेटोप्रोलॉल घेते. ती गोळी ठोके आवरते आणि कंपही दाबते. त्यामुळे नाडी बघून निर्धास्त होऊ नका. आयएनआरसोबतच टीएसएच आणि फ्री टी-४ करून घ्या. फ्री टी-४ आजची परिस्थिती दाखवेल. टीएसएच सावकाश हलतं, म्हणून अश्वगंधा थांबवल्यापासून सहा आठवड्यांनी ते पुन्हा करावं लागेल, आणि थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलायचा की नाही हे बहुधा त्यानंतरच ठरेल. त्या दुसऱ्या चाचणीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोवर आईला बरं वाटत असेल आणि चाचणी राहून जाईल.

थायरॉईडच्या गोळीचं आणखी एक दुखणं आहे, ते उलट्या बाजूने येतं. गुडघेदुखीसाठी मिळणाऱ्या अनेक तयार गोळ्यांत प्रवाळ, शंखभस्म किंवा लोहभस्म असतं. पहिल्या दोन्हींत कॅल्शियम, तिसऱ्यात लोह. ते थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतं आणि गोळी रक्तात पुरेशी पोहोचत नाही. इसबगोलही हे करतं. आई यातलं काही घेत असेल तर थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा-पाऊण तास आधी, आणि भस्माच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. डबीमागचं बारीक अक्षर भिंगाने वाचावं लागलं तरी वाचा.

संकष्टीच्या सकाळचं जे लिहिलंत, ते मला हिरड्यांच्या रक्ताइतकंच गंभीर वाटतं. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. सकाळी गोळी घेतली आणि उपास धरला, तर अकराच्या सुमारास साखर सत्तरच्या खाली जाणं हे ओळखीचं चित्र आहे. अश्वगंधा आणि कर्क्युमिन दोन्ही साखर थोडी खाली आणतात असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. एरवी तो परिणाम जाणवणारही नाही, पण उपास आणि ग्लिमेपिराईड यांच्या जोडीला तो तिसरा आला की तोल जातो. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर एवढी भीती नव्हती, ते एकटं साखर सहसा इतकी पाडत नाही.

इथेही मेटोप्रोलॉल आड येतं. साखर घसरते तेव्हा शरीर धडधड आणि थरथर करून सूचना देतं, ती या गोळीमुळे मंद होते. घाम मात्र राहतो. आईला फक्त घाम आला आणि बोलणं अडखळलं, ते यामुळेच असावं. पण झडपेच्या रुग्णाचं बोलणं अडखळलं तर ते गुठळीमुळे आलेल्या झटक्याचंही लक्षण असतं, आणि घरबसल्या दोन्हींतला फरक फक्त ग्लुकोमीटर सांगू शकतं. घरी नसेल तर आजच आणा. पुन्हा असं झालं तर बोट टोचून साखर बघा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजूनही कमी असेल तर पुन्हा द्या, आणि मग पोळी किंवा बिस्कीट असं काहीतरी खायला द्या. नीट गिळता येत नसेल तर तोंडातून काही देऊ नका, थेट दवाखाना. साखर ठीक असूनही बोलणं अडखळत असेल, तर एक मिनिटही न घालवता मेंदूविकाराची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. साखर दिल्यावर बरं वाटलं तरी त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजत राहा, कारण ग्लिमेपिराईड दिवसभर काम करतं आणि साखर परत घसरू शकते.

पुढच्या संकष्टीला गोळीचं काय करायचं, हे आधी मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. उपास सोडायला मी सांगणार नाही. पण गोळी पूर्ण आणि पोट रिकामं, ही जोडी पुन्हा व्हायला नको. एवढ्यात एचबीए१सी छान आलं असेल तर त्याने हुरळून जाऊ नका, ते तीन महिन्यांची सरासरी दाखवतं आणि साखर मधूनमधून फार खाली जात असेल तरीही सरासरी चांगलीच दिसते.

रक्त काढताय तर यकृताची चाचणीही त्यातच करून घ्या. हळदीच्या अर्काच्या आणि अश्वगंधाच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या देशांतून आल्या आहेत. असं क्वचितच होतं, पण रक्त गोठवणारे घटक यकृतातच बनतात, त्यामुळे त्याला सूज आली तर आयएनआर त्या वाटेनेही वाढते. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे किंवा अंगाला खाज असेल तर आवर्जून सांगा.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट. काहींना रक्तासाठी ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन अशा नव्या गोळ्या असतात, ज्यांना आयएनआर लागत नाही. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत, त्यामुळे तुमच्या आईला त्या मिळणार नाहीत. पण ज्यांना त्या आहेत त्यांनी चाचणी नाही म्हणजे चिंता नाही असं समजू नये. मिऱ्याचा अर्क ज्या यंत्रणेला अडवतो, तीच या गोळ्याही शरीराबाहेर काढते, आणि प्रमाण वाढलं तर सावध करणारी आयएनआरसारखी नेहमीची चाचणीही हाताशी नसते.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही डब्या आणि आईच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घेऊन जा. ‘आयुर्वेदिक काही घेते’ एवढं सांगून भागत नाही. कोणत्या तारखेला सुरू केलं, दिवसाला किती, कधी थांबवलं, एवढं चिठ्ठीवर लिहा. रुग्ण या गोष्टी लपवत नाहीत, त्यांना त्या औषध वाटतच नाहीत म्हणून सांगायचं राहतं, आणि आम्ही डॉक्टरही विचारायला विसरतो. आई पुढे वैद्यांकडे जाणार असेल तर अवश्य जाऊ दे, पण झडप आणि आयएनआर त्यांना पहिल्याच भेटीत सांगा. जाणता वैद्य अशा रुग्णाला डबीबंद अर्क देताना दहा वेळा विचार करतो.

राहिले गुडघे. दुखतात म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या अजिबात नकोत, या रुग्णांत त्या पोटातून रक्तस्राव घडवतात. पॅरासिटामॉल चालेल, पण तेही रोज दोन ग्रॅम, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या, असं चार-पाच दिवस सलग घेतलं तर आयएनआर वाढवू शकतं. लागलं तर कमीत कमी घ्या आणि सलग घ्यावं लागलं तर चाचणी करा. खरा आराम मांडीच्या स्नायूंना ताकद आल्यावर मिळतो. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिले दोन आठवडे फरक जाणवणार नाही, तेव्हाच आई कंटाळेल, तर तेवढे दिवस तिच्यासोबत तुम्हीही करा. झोपेचं औषध मात्र थायरॉईडचा रिपोर्ट हातात येईपर्यंत कुठलंच सुरू करू नका.